निर्यातदाराचे अडकलेले क्रेडिट: परताव्याच्या सूत्रात कोणता आकडा कुठे बसतो

परदेशी पाठवलेल्या मालाच्या बिलावर वस्तू व सेवा कर लावावा लागत नाही, मात्र तो माल तयार करण्यासाठी घेतलेले पोलाद, करून घेतलेले जॉबवर्क, खोकी, वाहतूक या सगळ्यांवर कर भरलेलाच असतो. देशात माल विकणारा कारखानदार खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो. निर्यातदाराकडे असा वळता करण्याजोगा विक्रीवरचा करच नसल्याने खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट त्याच्या इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खात्यात, साचत जाते. कायद्याने निर्यातीला करमुक्त न म्हणता शून्य-दराचा पुरवठा म्हटले आहे, ते याच कारणासाठी: करमुक्त विक्रीमागचे क्रेडिट सोडून द्यावे लागते, तर शून्य-दराच्या विक्रीमागचे क्रेडिट कायम राहते आणि रोखीने परत मागता येते.

परत मागण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात निर्यातीवर एकात्मिक कर भरायचा आणि तोच कर सीमाशुल्क विभागाकडून परत घ्यायचा. तिथे शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्क विभागाला दिलेले निर्यातीचे घोषणापत्र, हाच अर्ज मानला जातो. दुसऱ्यात आर्थिक वर्षासाठी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, देऊन कर न भरता माल पाठवायचा आणि न वापरलेल्या क्रेडिटचा परतावा आरएफडी-०१ या अर्जाने मागायचा. या लेखाचा विषय हा दुसरा मार्ग आहे. त्याची तरतूद केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ५४(३) मध्ये असून परताव्याची रक्कम ठरवण्याचे सूत्र नियम ८९(४) मध्ये दिले आहे.

```
कमाल परतावा = (शून्य-दराची उलाढाल × निव्वळ क्रेडिट) ÷ समायोजित एकूण उलाढाल
```

सूत्र तीन आकड्यांचे आहे आणि सहावीतल्या मुलालाही सोडवता येईल. अवघड आहे ते प्रत्येक आकड्यात काय धरायचे आणि काय वगळायचे हे. आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी की, कोणते पोलाद निर्यातीच्या भागात गेले आणि कोणते पुण्याच्या ग्राहकाला गेले, हे सूत्र विचारतच नाही. एकूण उलाढालीत निर्यातीचा हिस्सा जेवढा, तेवढाच क्रेडिटमध्ये तिचा हिस्सा, असे ते गृहीत धरते. त्यामुळे निर्यातीच्या मालाला कच्चा माल जास्त लागतो, तर देशातल्या मालाला कमी, असा युक्तिवाद कितीही खरा असला तरी परताव्याच्या अर्जात त्याला जागा नाही.

अंबडमधल्या एका कारखान्याची तिमाही

उदाहरणासाठी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला एक काल्पनिक कारखाना घेऊ. तो पंप आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवतो, काही माल न्हावाशेवा बंदरातून जर्मनीला पाठवतो आणि उरलेला देशात १८ टक्के कर लावून विकतो. एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत त्याने एलयूटीवर निर्यात केलेल्या मालाची शिपिंग बिलांवरील एफओबी, म्हणजे बंदरापर्यंतची, किंमत ६० लाख रुपये आहे. देशातली विक्री, कर वगळून, ४० लाख रुपये आहे.

देशातल्या या ४० लाखांत भंगाराची विक्रीही आली पाहिजे. लेथवर निघणारी पोलादाची बरी दर महिन्याला टेम्पो भरून जाते, तिचे बिल कर लावून होते, आणि तरीही परताव्याचा तक्ता तयार करताना फक्त ‘मुख्य विक्री’ची बेरीज घेऊन भंगार विसरले जाते. जीएसटीआर-३बी या विवरणपत्रात ती विक्री दिसत असते, त्यामुळे अर्जातली एकूण उलाढाल आणि विवरणपत्रातली उलाढाल जुळत नाही आणि अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न तिथेच निघतो.

आता खरेदीची बाजू. तिमाहीत कच्चा माल, खोकी, कटिंग ऑइल, टूलच्या टिपा यांवरचे क्रेडिट ९ लाख रुपये झाले. जॉबवर्क, वाहतूक, क्लिअरिंग एजंट अशा सेवांवरचे क्रेडिट १ लाख २० हजार रुपये झाले. शिवाय मे महिन्यात २० लाखांचे एक सीएनसी लेथ मशीन घेतले आणि त्यावर ३ लाख ६० हजार रुपये कर भरला. म्हणजे विवरणपत्रात एकूण १३ लाख ८० हजारांचे क्रेडिट घेतले गेले.

सूत्रातले ‘निव्वळ क्रेडिट’ मात्र १३ लाख ८० हजार नाही. नियमाने त्यात फक्त इनपुट आणि इनपुट सेवा धरल्या आहेत. भांडवली वस्तूंवरचे क्रेडिट त्यात येत नाही. लेथचे ३ लाख ६० हजार वजा केले की १० लाख २० हजार उरतात, आणि उत्तर असे येते: ६० लाख गुणिले १० लाख २० हजार, भागिले १ कोटी, म्हणजे ६ लाख १२ हजार रुपये. मशीनचे क्रेडिट चुकून आत राहिले असते तर हाच आकडा ८ लाख २८ हजार झाला असता आणि २ लाख १६ हजारांच्या जादा मागणीबद्दल नोटीस आली असती.

भांडवली वस्तू कोणती, हे तिच्या किमतीवरून किंवा आकारावरून ठरत नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे जिची किंमत हिशेबाच्या वह्यांत भांडवली म्हणून दाखवली आहे, ती भांडवली वस्तू. एखादे ८० हजारांचे जिग किंवा फिक्श्चर एका कारखान्यात ‘मालमत्ता’ या खात्यात जाईल आणि सूत्राबाहेर पडेल, तर दुसऱ्यात ते त्या वर्षीच्या खर्चात दाखवले जाईल आणि त्यावरचे क्रेडिट सूत्रात राहील. याचा अर्थ परताव्यासाठी वह्या वळवाव्यात असा नाही. ताळेबंदात एक आणि अर्जासोबतच्या खरेदी-यादीत दुसरे दाखवले, तर लेखापरीक्षणात ते उघडे पडते. खरेदीची नोंद करणाऱ्याने नोंद करतानाच हा निर्णय घ्यावा, वर्षअखेरीस नव्हे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. टूलच्या टिपा, सुटे भाग, पॅकिंग, छपाई-स्टेशनरी यांवरचे क्रेडिट मात्र, ते व्यवसायासाठी वापरले असेल आणि कायद्याने रोखलेले नसेल तर, निव्वळ क्रेडिटमध्ये धरता येते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने २०१८ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे, तरीही ‘हे उत्पादनात थेट वापरले नाही’ असा आक्षेप अधूनमधून येतोच.

निव्वळ क्रेडिटची दुसरी अट म्हणजे ते क्रेडिट जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत, दिसले पाहिजे. पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले नसेल तर त्याचे बिल तुमच्या हातात असूनही उपयोगाचे नाही. आयात मालावर बंदरात भरलेला एकात्मिक कर आणि उलट-आकारणीने, म्हणजे पुरवठादाराऐवजी खरेदीदाराने, स्वतः भरलेला कर यांना पुरवठादाराच्या विवरणपत्राची गरज नसते. उलट-आकारणीने भरलेल्या कराचे क्रेडिट, उदाहरणार्थ ट्रकच्या भाड्यावरचे, यादी करताना हमखास गळते, कारण यादी तयार करणारा माणूस फक्त २बी समोर ठेवून बसलेला असतो.

निर्यातीची किंमत: बिलातली की शिपिंग बिलातली

आपल्या कारखान्याने जर्मन ग्राहकाला जी बिले दिली त्यांची बेरीज प्रत्यक्षात ६२ लाख रुपये आहे, कारण काही माल जहाजभाडे आणि विमा धरून विकला होता. शिपिंग बिलावर मात्र एफओबी किंमत ६० लाख आहे. जुलै २०२२ मध्ये नियमात घातलेल्या स्पष्टीकरणानुसार या दोहोंपैकी जी कमी असेल ती निर्यातीची किंमत धरायची. म्हणून अंशस्थानी ६० लाख.

छेदस्थानी काय, हा प्रश्न अनेक वर्षे वादाचा होता. समायोजित एकूण उलाढालीत निर्यातही असते, आणि ती विवरणपत्रांतून उचलली तर ६२ लाखांनी येते. वर ६० आणि खाली ६२ अधिक ४० म्हणजे १०२ लाख, असा हिशेब केला तर परतावा बरोबर ६ लाख रुपये येतो आणि कारखानदाराचे १२ हजार रुपये विनाकारण जातात. वर-खाली दोन्हीकडे ६२ धरले तर ६ लाख २० हजार येतात, म्हणजे ८ हजारांची जादा मागणी होते. मंडळाने २०२१ आणि पुन्हा २०२३ मध्ये परिपत्रक काढून सांगितले की निर्यातीची जी किंमत अंशात धरली तीच छेदातही धरायची. रकमा इथे लहान आहेत. पण ज्यांच्या मालात जहाजभाड्याचा हिस्सा मोठा आहे, त्यांना हा फरक चांगलाच जाणवतो.

आणखी एक मर्यादा २०२० पासून नियमात आहे. तोच किंवा तसाच माल देशात ज्या किमतीला विकला जातो तिच्या दीडपटीपेक्षा जास्त निर्यातमूल्य सूत्रात धरता येत नाही. देशात १०० रुपयांना जाणारा भाग जर्मनीला १८० रुपयांना गेला तर अंशात १५० च धरायचे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही मर्यादा रद्दबातल ठरवली. तरीही माझे मत असे की नाशिकमधल्या निर्यातदाराने त्या निकालावर विसंबून अर्ज करण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराशी बोलावे आणि देशातल्या किमतीचा पुरावा जवळ ठेवावाच.

द्राक्षाच्या पॅकहाउसचा छेद

समायोजित एकूण उलाढालीतून शून्य-दराखेरीजच्या करमुक्त विक्रीची किंमत वगळली जाते. अंबडच्या कारखान्याला याचा फारसा संबंध नाही. पण निफाड-दिंडोरीतल्या द्राक्ष निर्यातदाराचा सगळा हिशेब याच एका वाक्यावर उभा आहे. ताजी द्राक्षे करमुक्त यादीत आहेत. जो माल युरोपला जातो तो शून्य-दराचा, आणि जो निवड करताना बाजूला पडतो आणि देशातल्या बाजारात विकला जातो तो करमुक्त. द्राक्षावर मुळात करच नसताना परतावा कसला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण खोकी, पनेट, पॅड, पॅलेट, क्लिअरिंग यांवर कर भरलेला असतो, आणि निर्यात होणारा माल करमुक्त यादीतला असला तरी त्यामागचे क्रेडिट घेण्याची मुभा एकात्मिक कर कायद्याचे कलम १६ देते.

समजा अशा पॅकहाउसच्या एका हंगामात निर्यात ९० लाखांची, देशातली विक्री १० लाखांची आणि दोहोंसाठी सामाईक क्रेडिट ३ लाखांचे आहे. करमुक्त विक्रीच्या वाट्याचे क्रेडिट नियम ४२ प्रमाणे आधीच परत करावे लागते: उलाढालीच्या एक दशांश, म्हणजे ३० हजार रुपये. उरले २ लाख ७० हजार. आता सूत्राच्या छेदातून १० लाखांची करमुक्त विक्री वगळली की वर ९० आणि खालीही ९० राहतात, आणि परतावा पूर्ण २ लाख ७० हजारांचा होतो. ती विक्री छेदात ठेवली असती तर एकाच करमुक्त विक्रीपायी दोनदा कात्री लागली असती. उलट नियम ४२ ची परतफेड न करता छेदातून मात्र करमुक्त विक्री वगळायची, असेही चालत नाही. दोन्ही टोके एकमेकांना बांधलेली आहेत.

कांद्याची गोष्ट थोडी वेगळी. तोही करमुक्त यादीतला आहे आणि पोती-खोक्यांवरच्या कराचा परतावा तत्त्वतः मिळतो. पण ज्या मालावर निर्यात शुल्क लागते त्याच्या निर्यातीवर न वापरलेल्या क्रेडिटचा परतावा कायद्याने नाकारला आहे. कांद्यावर मे २०२४ पासून ४० टक्के आणि सप्टेंबर २०२४ पासून २० टक्के निर्यात शुल्क होते, ते १ एप्रिल २०२५ पासून काढले गेले. म्हणून लासलगावच्या व्यापाऱ्याने अर्जाचा कालावधी निवडताना शुल्क असलेल्या दिवसांतली निर्यात वेगळी काढली पाहिजे.

सूत्राचे उत्तर म्हणजे हातात येणारी रक्कम नव्हे

पुन्हा अंबडला येऊ. सूत्राने ६ लाख १२ हजार हा आकडा दिला. पण तो कमाल मर्यादेचा आकडा आहे. प्रत्यक्ष परतावा तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्याइतका मिळतो. पहिला सूत्राचा. दुसरा, त्या कालावधीचे शेवटचे जीएसटीआर-३बी भरल्यानंतर क्रेडिट लेजरमध्ये असलेली शिल्लक. तिसरा, अर्ज भरताना त्याच लेजरमध्ये असलेली शिल्लक.

दुसरा आकडा काढून पाहू. आरंभीची शिल्लक शून्य होती असे धरले, तर तिमाहीत १३ लाख ८० हजार जमा झाले. देशातल्या ४० लाखांच्या विक्रीवर १८ टक्क्यांनी ७ लाख २० हजार कर लागला, तो याच क्रेडिटमधून भरला. शिल्लक ६ लाख ६० हजार. ही सूत्राच्या उत्तरापेक्षा जास्त असल्याने ६ लाख १२ हजार पूर्ण मिळू शकतात.

आता तेच गणित मशीन न घेतल्याचे धरून करावे. निव्वळ क्रेडिट तेवढेच, उलाढाल तेवढीच, म्हणून सूत्राचे उत्तरही ६ लाख १२ हजारच. पण लेजरमध्ये १० लाख २० हजारच जमा झाले आणि त्यातून ७ लाख २० हजार गेले. शिल्लक ३ लाख, आणि परतावाही ३ लाखच. म्हणजे मशीनचे क्रेडिट परत मिळत नाही हे खरे असले, तरी देशातल्या विक्रीचा कर भरायला ते चालते, आणि त्यामुळे कच्च्या मालाचे तेवढे क्रेडिट परताव्यासाठी मोकळे राहते. नवी यंत्रे घेण्याच्या काळात निर्यातदाराचा परतावा वाढलेला दिसतो त्याचे कारण बहुधा हेच असते, आणि त्यात गैर काही नाही.

तिसरा आकडा दिरंगाईचा आहे. अर्जाला दोन वर्षांची मुदत आहे आणि समुद्रमार्गे गेलेल्या मालासाठी ती जहाजाने भारत सोडल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून पुष्कळ जण अर्ज पुढे ढकलतात. दरम्यान जुलै-ऑगस्टमध्ये खरेदी कमी झाली, देशातली विक्री चालूच राहिली आणि तिचा कर त्याच लेजरमधून गेला, तर सप्टेंबरअखेर शिल्लक ४ लाख १० हजारांवर आलेली असू शकते. मग अर्जही ४ लाख १० हजारांचाच होईल. बाकीचे २ लाख २ हजार बुडाले असे नाही, कारण तेवढा कर रोखीने भरावा लागला नाही. पण रोख हातात येण्याची संधी गेली ती गेलीच.

लेजरमध्ये मागची शिल्लक आहे म्हणून तिचा परतावा मागता येईल, असा समज बऱ्याच ठिकाणी असतो. तसे होत नाही, कारण निव्वळ क्रेडिटमध्ये अर्जाच्या कालावधीत घेतलेलेच क्रेडिट येते. बिल आधीच्या महिन्याचे असले तरी क्रेडिट या कालावधीत घेतले असेल तर ते चालते. क्रेडिट आधीच्या कालावधीत घेतले असेल तर चालत नाही. म्हणून कालावधी कसा निवडायचा, हाच या विषयातला सर्वांत मोलाचा निर्णय आहे, आणि सूत्राच्या बाहेरचा असल्याने तो सर्वांत दुर्लक्षितही आहे.

आपल्या कारखान्याचे महिने वेगळे करून पाहिले की हे डोळ्यांसमोर येते. एप्रिलमध्ये त्याने पोलाद भरून ठेवले, क्रेडिट ६ लाख, देशातली विक्री १६ लाख, निर्यात काहीच नाही. मेमध्ये मशीन वगळता क्रेडिट २ लाख ४० हजार, देशातली विक्री १२ लाख, निर्यात २० लाख. जूनमध्ये क्रेडिट १ लाख ८० हजार, देशातली विक्री १२ लाख, निर्यात ४० लाख. दर महिन्याला वेगळा अर्ज केला तर एप्रिलचा परतावा शून्य, मेचा दीड लाख आणि जूनचा सुमारे १ लाख ३८ हजार होतो. एकूण २ लाख ८८ हजार. तीन महिने एकत्र करून एकच अर्ज केला की तोच कारखाना, तीच बिले, आणि परतावा ६ लाख १२ हजार. फरक एवढाच की एप्रिलचे पोलाद आणि जूनची निर्यात एका कालावधीत आली. द्राक्षवाल्यांनी तर हे पक्के ध्यानात ठेवावे, कारण खोक्यांची खरेदी डिसेंबर-जानेवारीत होते आणि कंटेनर मार्च-एप्रिलमध्ये निघतात. दोन आर्थिक वर्षांतले महिने एका अर्जात घेण्यावरची बंदी २०२० मध्ये उठली आहे. मात्र अर्ज काळाच्या क्रमाने करावे लागतात. मेचा अर्ज केल्यावर मागे फिरून एप्रिलचा करता येत नाही. घाईने केलेला एका महिन्याचा अर्ज अशा रीतीने आधीच्या महिन्यांचे दार बंद करतो.

अर्ज भरताना आणि त्यानंतर

अर्जासोबत निर्यातीचे विवरण जाते, ज्यात प्रत्येक बिलापुढे शिपिंग बिलाचा क्रमांक, एफओबी किंमत आणि जहाज गेल्याची नोंद, म्हणजे ईजीएम, भरावी लागते. खरेदीच्या यादीत प्रत्येक बिलापुढे ते इनपुट, सेवा की भांडवली वस्तू हे लिहायचे असते आणि वस्तूचा एचएसएन किंवा सेवेचा सॅक हा वर्गीकरण क्रमांक द्यायचा असतो. भांडवली वस्तू लपत नाही ती यामुळेच. सादर करण्यापूर्वी दोन बेरजा जुळवून पाहाव्यात: निर्यातीची रक्कम ३बी च्या शून्य-दराच्या रकान्यातल्या रकमेशी, आणि खरेदी-यादीतले क्रेडिट ३बी च्या निव्वळ क्रेडिटशी. निर्यात चुकून साध्या करपात्र विक्रीच्या रकान्यात गेली असेल तर ती इथेच सापडते. एफओबी आणि बिलातल्या किमतीतला फरक, भांडवली वस्तू, असे जे फरक समजण्याजोगे आहेत त्यांचा एका पानाचा खुलासा सोबत जोडला तर अधिकाऱ्याचा आणि आपला, दोघांचाही वेळ वाचतो.

अर्ज सादर होताच मागितलेली रक्कम लेजरमधून वजा होते. आधी एकात्मिक कराच्या खात्यातून जेवढे असेल तेवढे, मग उरलेले केंद्र आणि राज्य यांच्या खात्यांतून समान. आपल्या कारखान्याच्या ६ लाख ६० हजारांपैकी एकात्मिक कराचे २ लाख ५० हजार आणि केंद्र-राज्याचे प्रत्येकी २ लाख ५ हजार असतील, तर २ लाख ५० हजार पूर्ण जातील आणि बाकीचे १ लाख ८१ हजार प्रत्येकी दोन्हींकडून जातील.

पंधरा दिवसांत पोच किंवा त्रुटीपत्र येते. त्रुटीपत्र आले तर वजा झालेली रक्कम लेजरमध्ये परत येते आणि नव्याने अर्ज करावा लागतो. पोच मिळाल्यावर ९० टक्के तात्पुरता परतावा सात दिवसांत देण्याची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२५ पासून तो कोणाला द्यायचा हे संगणकप्रणालीच्या जोखीम-तपासणीवर ठरते. अंतिम आदेश साठ दिवसांत व्हायचा असतो आणि त्यापुढे उशीर झाला तर सहा टक्क्यांनी व्याज देय होते. रक्कम नाकारायची असेल तर अधिकाऱ्याने आधी नोटीस दिली पाहिजे आणि तिला उत्तर द्यायला पंधरा दिवस मिळतात. हे पंधरा दिवस पोर्टलवर नोटीस आल्यापासून मोजले जातात, आपण ती उघडून वाचल्यापासून नव्हे.

पैसे बँकेत आल्यावरही एक धागा उरतो. परदेशी ग्राहकाची रक्कम फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने घालून दिलेल्या मुदतीत भारतात आली पाहिजे. न आल्यास, जेवढी रक्कम आली नाही तिच्या प्रमाणात परतावा, मुदत संपल्यापासून तीस दिवसांत व्याजासह भरून द्यावा लागतो. जर्मन ग्राहकाने ६० लाखांपैकी १५ लाख थकवले तर अंबडच्या कारखान्याला ६ लाख १२ हजारांचा चौथा हिस्सा, म्हणजे १ लाख ५३ हजार रुपये आणि त्यावरचे व्याज परत करावे लागेल. रिझर्व्ह बँकेने गुणवत्तेवर ती वसुली माफ केली असेल तर हे लागू होत नाही. आणि रिझर्व्ह बँकेने वाढवून दिलेल्या मुदतीत ग्राहकाचे पैसे उशिराने आलेच, तर ते आल्यापासून तीन महिन्यांच्या आत बँकेचा दाखला सादर करून भरलेली रक्कम पुन्हा मागता येते.